जर्मन समासांचा विग्रह

प्रागचे संस्कृत पंडित विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या खंडाचे इंग्रजी भाषांतर १९२७ साली कलकत्ता विश्वविद्यालयाने प्रसिद्ध केले. ते ज्ञानकोशकार डॉ. केतकर यांच्या पत्नी शीलवतीबाई यांनी केलेले होते. बाईंची मातृभाषाच जर्मन. त्यांस जे सहज दिसे, ते सोनाळ्यासारख्या गावी केवळ कोश जवळ घेऊन मूळ ग्रंथ वाचणाऱ्यास दिसेलच असे नाही. त्याची अडचण बहुधा लांबलचक सामासिक नामांपाशी होते.

अशा नामाचा विग्रह शेवटाकडून करावा. अंत्यपद प्रधान असते व सबंध शब्दाचे लिंगही तेच ठरविते. आपल्या तत्पुरुषाचाच हा प्रकार. मात्र पदे कोठे तुटतात हे नीट पाहावे लागते. एकच अक्षरमालिका 'वाख-श्टूबे' अशी तोडली तर पहारेकऱ्यांची खोली होते आणि 'वाक्स-टूबे' अशी तोडली तर मेणाची नळी! उच्चार भिन्न, पण लेखन एकच. निवाडा संदर्भानेच व्हावयाचा.

पदे सुटली तरी त्यांचा संबंध उरतोच, कारण विभक्ती लुप्त असते. 'झोनेनलिख्ट' म्हणजे सूर्याचा प्रकाश, ही षष्ठी झाली. परंतु 'झोनेनशिर्म' ही सूर्याची छत्री नव्हे, उन्हापासून रक्षण करणारी छत्री होय. मधला 'एन' हा केवळ सांधा आहे. त्यास अनेकवचन समजून अनेक सूर्य कल्पिण्याचे कारण नाही.

खरी कसोटी विंटरनिट्झच्या तिसऱ्या खंडाच्या शीर्षकातच आहे. तेथे 'कुन्स्टडिख्टुंग' असा शब्द येतो. 'डिख्टुंग' म्हणजे काव्य, 'कुन्स्ट' म्हणजे कला. येथवर वाद नाही. पण 'कुन्स्टहोनिख' म्हणजे कृत्रिम मध, हे ज्यास ठाऊक आहे तो त्याच न्यायाने येथे 'कृत्रिम काव्य' लिहून मोकळा होईल. मग कालिदासाची गणना नकली मालात झाली असेच मराठी वाचकास वाटेल, आणि हा दोष ग्रंथकाराच्या माथी बसेल.

अशा वेळी आम्ही दोन प्रश्न विचारतो. समासाने दर्शविलेली वस्तू प्रधानपदाच्या जातीची आहे काय? कृत्रिम मध हा खरा मध नव्हे; 'कुन्स्टडिख्टुंग' मात्र काव्यच आहे. दुसरा प्रश्न, हा शब्द कोणाच्या विरोधात उभा आहे? कृत्रिम मधासमोर मधमाश्यांचा मध असतो. येथे समोर आहे 'फोल्क्सडिख्टुंग', म्हणजे लोककाव्य. म्हणून 'कुन्स्ट' येथे शास्त्र व अलंकार जाणणाऱ्या कवीचे कौशल्य सुचविते. 'कलाकाव्य' हा शब्दशः पर्याय निर्दोष असला तरी पोकळ वाटतो. आम्ही 'विदग्ध काव्य' पसंत करू.

पण 'कुन्स्टश्ट्युक' या शब्दात ही रीत चालत नाही. पदे पाहता तो 'कलेचा तुकडा' होतो. अर्थ मात्र करामत. तेथे कोशच उघडावा लागतो.