‘जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरपोच’ : एका कॅप्शनचं वाचन

मागच्या वर्षी मी एका नवोदित लेखकाच्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी केली. लेखक सांगली जिल्ह्यातले, पुस्तक स्वतःच काढलेलं. कॅप्शनमध्ये ‘पंधरा दिवसांत घरपोच’ असं लिहिलं होतं. पुस्तक आलं तीन महिन्यांनी. भेटल्यावर ते कानकोंडे होऊन म्हणाले, “अहो, ऑर्डरी पुऱ्या होईनात, म्हणून छापायलाच टाकलं नव्हतं.” तोवर मी मनात ‘यांनी खोटं सांगितलं’ असा निकाल देऊन बसलो होतो. त्या वाक्यानं माझा निकालही बदलला आणि संशोधनाचा प्रश्नही. कॅप्शन खोटं नव्हतं. त्यात एक अट होती आणि ती लिहिलेली नव्हती.

पुस्तकाभोवतीच्या मजकुराला फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये ‘पॅराटेक्स्ट’ हे नाव रूढ केलं. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना हा त्याचा पुस्तकाला चिकटलेला भाग. जाहिरात, मुलाखत हा बाहेरचा भाग. आगाऊ नोंदणीचं कॅप्शन या दुसऱ्या भागात येतं, पण एका फरकासह. इथे पुस्तक अजून नसतंच, आणि हा मजकूर वाचून आलेल्या पैशांवर ते व्हायचं असतं. म्हणून त्याकडे नुसती जाहिरात म्हणून पाहिलं तर बरंच निसटतं.

सातारा-सांगली भागातली अशी अनेक कॅप्शनं वाचून त्यांच्या घाटाचा एक नमुना मी रचला आहे. कोणा एकाचं कॅप्शन इथे देत नाही, कारण त्यात फोन नंबर आणि माणूस दोन्ही उघडे पडतात.

“प्रतीक्षा संपली! माझा पहिलावहिला कथासंग्रह लवकरच आपल्या भेटीला. पृष्ठे १६०. मूळ किंमत २५० रु., प्रकाशनपूर्व सवलतीत फक्त २०० रु., घरपोच. सवलत २० डिसेंबरपर्यंत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुस्तक पाठवले जाईल. पैसे पाठवून स्क्रीनशॉट व पत्ता व्हॉट्सअॅप करावा.”

सोबत मुखपृष्ठाचं चित्र: टेबलावर उभं पुस्तक, जाडसर कणा, शेजारी चहाचा कप.

आधी व्याकरण बघा. पहिल्या ओळीत ‘माझा’ आहे, तिथे लेखक हजर आहे. तारखेच्या ओळीत मात्र ‘पाठवले जाईल’. कर्ता गेला. कोण पाठवणार? स्वतः काढलेल्या पुस्तकाला दुसरा कोणी प्रकाशक नसतो. गठ्ठे घरी आणणं, पाकिटं चिकटवणं, टपाल कार्यालयात रांगेत उभं राहणं हे सगळं लेखकालाच करायचं असतं. जिथे जबाबदारी येते नेमका तिथेच कर्मणी प्रयोग येतो. हे मुद्दाम केलेलं असेल असं मला वाटत नाही. प्रस्थापित प्रकाशनसंस्थेची भाषा उचलली की तिच्याबरोबर ती संस्थाही आपल्या पाठीशी आहे असा भास तयार होतो, एवढंच.

आता चित्र. मजकूर भविष्यकाळात आहे, चित्र वर्तमानकाळात. ते उभं पुस्तक बहुधा तयार साच्यात बसवलेलं मुखपृष्ठ असतं. ओळखायचं कसं? कण्याची जाडी आणि सांगितलेली पानं जुळतात का ते पाहा. १६० पानं म्हणजे ८० कागद. नेहमीच्या कागदावर कणा सेंटीमीटरभरच होतो. चित्रात तो अडीच सेंटीमीटर दिसत असेल, तर छापलेली प्रत अजून कोणी पाहिलेली नाही असं समजायला हरकत नाही.

मग तारीख का घसरते? इथे साहित्याच्या विद्यार्थ्यानंही थोडा हिशोब करायला हवा. उदाहरणापुरतं धरू की ३०० प्रतींची छपाई, मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन मिळून ३०,००० रुपये लागतात. ‘घरपोच’ म्हणजे टपालखर्च २०० रुपयांतच. टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली. ती सुरू झाली तेव्हाचा ३०० ग्रॅमपर्यंतचा दर २० रुपये, कर वेगळा. १६० पानांचं साधं पुस्तक पाकिटासह यात बसतं. टपाल आणि पाकीट मिळून २५ रुपये धरले, तर प्रतीमागे हाती १७५ उरतात. खर्च भरून यायला १७२ नोंदण्या हव्यात.

समजा २० डिसेंबरपर्यंत ८० आल्या. हातात १४,००० रुपये. आता लेखकानं १६,००० पदरचे घालायचे, नाहीतर थांबायचं. ऑफसेट छपाईत प्लेट आणि जुळणीचा खर्च प्रती कमी केल्या म्हणून कमी होत नाही, त्यामुळे १०० प्रती छापल्या तर दर प्रत महाग पडते. डिजिटल छपाईवर थोड्या प्रती निघतात, पण मग २०० रुपयांत फारसं काही उरत नाही. लेखक थांबतो, सवलतीची मुदत वाढवतो, आणि ज्या ८० जणांनी पैसे भरलेत त्यांची तारीख गुपचूप पुढे जाते. म्हणजे तारीख छापखान्यावर नाही, १७२ या आकड्यावर अवलंबून होती. कॅप्शनमध्ये सगळे आकडे आहेत, हा एक सोडून.

माझा मुख्य आक्षेप ‘सवलत’ या शब्दावर आहे. वाचक इथे ५० रुपये वाचवत नाही, २०० रुपये बिनव्याजी उसने देतो. जुनी मराठी याला वर्गणी म्हणायची. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, वर्गणीदार जमवले, २३ खंड पुरे केले आणि ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्या उद्योगाचा इतिहासही लिहिला. वर्गणीदार कामात सामील असतो, म्हणून त्याला विचारायचा हक्क असतो. सवलत घेणारा नुसता गिऱ्हाईक. शब्द बदलला आणि हक्कही पातळ झाला.

आपल्या भागात तारखेला आणखी एक ओढ असते. ९९वं अखिल भारतीय साहित्य संमेलन १ ते ४ जानेवारी २०२६ ला साताऱ्यात झालं. औदुंबरचं संमेलन दरवर्षी संक्रांतीला असतं. ‘जानेवारीचा पहिला आठवडा’ छपाईच्या वेळापत्रकातून आला की संमेलनाच्या, हे कॅप्शन वाचताना विचारायला हवं.

अशा मजकुरावर काम करणार असाल तर एक काळजी घ्या. कॅप्शन नंतर बदलता येतं. फेसबुकवर बदलांचा इतिहास बऱ्याचदा पाहता येतो, इन्स्टाग्रामवर जुना मजकूर दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी, सवलत संपताना आणि सांगितलेल्या तारखेला असे तीन वेळा दिनांकासह स्क्रीनशॉट घ्या आणि नंबर झाका. पण पुस्तक प्रत्यक्ष कधी पोचलं हे कॅप्शन कधीच सांगणार नाही. त्यासाठी पैसे भरलेल्या माणसांनाच भेटावं लागतं.

चांगलं कॅप्शन कसं असतं? माझ्या मते असं: “मुद्रितशोधन चालू आहे. १७२ नोंदण्या झाल्या की छपाईला देईन, आज ८० झाल्या आहेत. छापून आल्यावर आठ दिवसांत मी स्वतः पोस्टात टाकेन. ३१ जानेवारीपर्यंत छापता आलं नाही तर पैसे परत करेन.” यात चमक नाही. पण कर्ता आहे, अट आहे, आणि माझ्यासारख्याला तीन महिने मनात कुढायला जागा नाही.

त्या लेखकांचं पुस्तक मी वाचलं, बरं का. कथा चांगल्या आहेत. त्यांच्या एकाही कथेत कर्मणी प्रयोगामागे कोणी लपत नाही.