पोत्यांचा आजचा भाव

पुण्यातल्या एका मैत्रिणीने बचत गटातल्या बायकांसाठी म्युच्युअल फंडावर दीड मिनिटाच्या व्हिडिओची संहिता लिहिली आहे. तिच्यासमोर मूळ मजकूर होता तो माहितीपत्रकातला: निव्वळ मालमत्ता मूल्य, विविधीकरण, खर्चाचे प्रमाण. संहितेत यातला एकही शब्द नाही, तरी एकही गोष्ट सुटलेली नाही.

पहिल्या खर्ड्यात तिने भिशी घेतली होती. ती तिने खोडली, आणि मला तिची खरी पारख दिसते ती इथेच. भिशीत रक्कम ठरलेली असते आणि आपली पाळी येणारच असते. 'परतावा' हा शब्द न उच्चारताही ती उपमा ऐकणाऱ्याला हमी देऊन बसते.

तिने भिशीच्या जागी आणला मार्केट यार्डचा भुसार बाजार. दहा घरं प्रत्येकी 500 रुपये काढतात आणि धान्यातलं कळणाऱ्या एकाला पाठवतात. तो गहू, तांदूळ, तूरडाळ अशी वेगवेगळी पोती घेतो. 5,000 रुपयांचे 10 रुपयांप्रमाणे 500 वाटे होतात, म्हणजे प्रत्येक घराचे 50. पुढचं वाक्य असं आहे: "आज ही पोती विकली तर 4,550 मिळतील; त्यातून खरेदी करणाऱ्याचे 50 वजा केले की एक वाटा 9 रुपयांचा." म्हणजे प्रत्येक घराचे 500 आता 450 झाले.

आधी घसरण दाखवायची, हा क्रम मला फार आवडला. शिवाय तोट्याच्या दिवशीही खरेदी करणाऱ्याचा मेहनताना कापला जातो, हे कुणी वेगळं समजावून न सांगता वजाबाकीतच कळतं. मग अकरावं घर येतं. त्याला 500 रुपयांत 50 नव्हे, 55 हून थोडे जास्त वाटे मिळतात, कारण आजचा भाव 9 आहे. वाट्यांची संख्या आणि वाट्याची किंमत यांत नवख्यांचा होणारा गोंधळ इथे सुटतो. भाव 11 झाल्याचा प्रसंगही आहे, पण तो "समजा" या शब्दाने सुरू होतो आणि त्याला मुदत जोडलेली नाही.

एक उणीव मात्र आहे. धान्याचा भाव पडला तरी ते खाता येतं. समभाग घेतलेली कंपनी बुडाली तर हातात काहीच उरत नाही. उपमा इथे संपते, आणि ती संपते हे निवेदकाने बोलून दाखवायला हवं होतं.

बाजारातील जोखमीचं ते ठरावीक वाक्य जाहिरातींत भरधाव उरकलं जातं, म्हणून सेबीने 2008 मध्ये त्यासाठी किमान 5 सेकंदांची अट घातली होती. या संहितेत ते वाक्य घसरणीच्या हिशेबाला लागूनच, सावकाश येतं. तोवर ऐकणारीने 500 चे 450 होताना पाहिलेले असतात, त्यामुळे तिला त्याचा अर्थ कळतो. अशी संहिता लिहिणाऱ्यांनी हे वाक्य शेवटी ढकलू नये, हिशेबाशेजारीच ठेवावं.