नामाक्षरांतील 'कार्मिक ऋण' : एक परीक्षण

मीरा-भाईंदर येथील एका उपासकाने आम्हांस नुकताच एक प्रश्न विचारला. त्यांच्या नवजात कन्येच्या नावात 'सात' हा अंक नाही, म्हणून तिच्यावर पूर्वजन्मीचे ऋण आहे. जन्मदाखल्यावर नाव चढण्यापूर्वी त्यात एक 'वाय' वाढवावा, असा सल्ला त्यांना कोणा अंकशास्त्र्याने दिला होता. हा सल्ला मानावा काय? या मतात 'कर्म' हा शब्द येत असल्यामुळे त्याचे परीक्षण करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम पद्धत समजून घेऊ. इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांना क्रमाने एक ते नऊ अंक देतात आणि नवानंतर पुन्हा एकापासून आरंभ करतात. त्यामुळे ए, जे, एस यांचा १. बी, के, टी यांचा २. सी, एल, यू यांचा ३. डी, एम, व्ही यांचा ४. ई, एन, डब्ल्यू यांचा ५. एफ, ओ, एक्स यांचा ६. जी, पी, वाय यांचा ७. एच, क्यू, झेड यांचा ८ आणि आय, आर यांचा ९. जन्मनावात जो अंक एकदाही येत नाही, तो त्या व्यक्तीचा न शिकलेला 'कार्मिक धडा' मानतात. ३ नसेल तर वाणी व लेखन यांत न्यून. ५ नसेल तर परिवर्तनाचे भय. ६ नसेल तर कुटुंब व समाज यांच्या जबाबदारीची टाळाटाळ. ७ नसेल तर अध्ययन व सखोल चिंतन यांचा अभाव.

आता उदाहरण घेऊ. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आम्ही घेतो ते केवळ या पद्धतीच्या परीक्षेसाठी. 'भीमराव' या नावाची प्रचलित इंग्रजी अक्षरे बी, एच, आय, एम, आर, ए, ओ. त्यांचे अंक २, ८, ९, ४, ९, १, ६. 'रामजी'चे ९, १, ४, १, ९. 'आंबेडकर'चे १, ४, २, ५, ४, २, १, ९. या सर्वांत ३ आणि ७ कोठेही नाहीत. म्हणजे ज्यांनी 'मूकनायक' काढला, संविधान सभेत उत्तरे दिली, त्यांना वाणी नव्हती. आणि कोलंबिया व लंडन येथे ज्यांनी विद्येची तपश्चर्या केली, त्यांना अध्ययन नव्हते!

अंकशास्त्री म्हणेल, हे जन्मनाव नव्हे. ठीक. बालपणीचे नाव भिवा आणि घराण्याचे आडनाव सकपाळ. 'भिवा रामजी सकपाळ' यात ३ व ७ दोन्ही आहेत, कारण आडनावात एल आणि पी आले. मात्र आता ५ व ६ गळाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. तीत ३, ६, ७ हे तीन अंक नाहीत. मनुष्य एकच, पण आडनाव बदलताच त्याचे पूर्वजन्म बदलतात! 'भीमराव'च्या अखेरीस 'ओ'ऐवजी 'व्ही' लिहिला तर ६ हा अंकही नाहीसा होतो. पूर्वजन्मीचे ऋण लेखनिकाच्या एका अक्षरावर ठरत असेल, तर त्याला ऋण कसे म्हणावे?

कारण उघड आहे. एफ व एक्स ही अक्षरे मराठी नावांत क्वचित येतात; म्हणून ६ हा अंक बहुधा एकट्या 'ओ'वर अवलंबून राहतो. नाव आखूड असले की अंक अधिक गळतात. येथे मोजले जाते ते लिपीचे वळण, मनुष्याचे आचरण नव्हे. ही पद्धत पायथागोरसच्या नावावर खपविली जाते. परंतु त्याच्या ग्रीक लिपीत जे वा डब्ल्यू ही अक्षरेच नव्हती. आजचा हा प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रूढ झाला.

यावर अंकशास्त्र्याचे शेवटचे उत्तर असे की, बाबासाहेबांनी ते धडे प्रयत्नाने पुरे केले. गुण नसला तर ऋण खरे, आणि असला तर ते फिटले. जे मत कोणत्याही घटनेने खोटे ठरू शकत नाही, ते काहीच सांगत नाही.

तथागतांनी चेतनेला कम्म म्हटले. सर्व सुखदुःख पूर्वकर्मानेच होते, या मताचे खंडन त्यांनी तित्थायतन सुत्तात केले. कारण तसे मानल्यास काय करावे व काय करू नये, या प्रयत्नालाच अर्थ उरत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचा हाच सिद्धांत आमच्या समाजाच्या दैन्याचे समर्थन करण्यास वापरला गेला, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो नाकारला. तोच आता अंकांचा वेष घेऊन पाळण्यापाशी उभा आहे.

नामसिद्धि जातकात 'पापक' नावाचा शिष्य शुभ नावाच्या शोधात निघतो. वाटेत त्याला 'जीवक' मृत झालेला आढळतो, 'धनपाली' ही दासी मजुरी न आणल्याबद्दल मार खाताना दिसते, आणि 'पंथक' वाट चुकलेला भेटतो. शिष्य आपले जुनेच नाव घेऊन गुरूकडे परततो.

त्या उपासकास आमचे उत्तर हेच : कन्येचे नाव आपणांस आवडले तसेच लिहावे. तिच्यावर कोणतेही ऋण नाही. अध्ययन तिला 'वाय' देणार नाही. ते देण्याचे दायित्व आपले आहे.