किस्सा कुठे थांबवायचा?

फीचरमध्ये बातमीसारखा निष्कर्ष पहिल्याच ओळीत द्यायचा, की आधी किस्सा सांगायचा? कॅथरिन शुल्झ यांचा ‘न्यूयॉर्कर’मधला २०१५चा ‘द रियली बिग वन’ हा लेख बघा.

विषय आहे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याला असलेला कॅस्केडियाचा भूकंपधोका. सुरुवात मात्र ११ मार्च २०११च्या जपानमध्ये. भूकंपशास्त्रज्ञांच्या बैठकीतच हादरे सुरू होतात. आधी सगळे हसतात. मग ख्रिस गोल्डफिंगर घड्याळ बघतात. का? तर हादरे जितके जास्त वेळ चालतात, तितका भूकंप साधारणपणे मोठा. मिनिटं सरतात आणि कळतं, हा तिथे अपेक्षित धरलेल्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे किश्शातून वाचकाला दोन गोष्टी मिळतात: एक मोजपट्टी, आणि तज्ज्ञांचे अंदाजही तोकडे पडतात ही जाणीव. कॅस्केडिया समजायला दोन्ही लागतात. त्या हाती आल्यावरच लेख तिकडे वळतो.

तुमच्या मसुद्यातला किस्सा झाकून पुढचं वाचा. काहीच अडलं नाही, तर तो नुसता शोभेचा, काढून टाका. अडलं, तर नेमकं कशावाचून अडलं ते बघा. तेवढं सांगून झालं, की पुढच्याच वाक्यात मुद्द्यावर या.