तेच दोनदा ऐकायचं?

डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो घेऊया. त्याखालची ओळ सांगते: वाटाण्याच्या शेंगा तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय ३२. पुष्कळदा हीच ओळ ऑल्ट टेक्स्टमध्येही चिकटवलेली असते. मग स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला तेच दोनदा ऐकू येतं, फोटो मात्र दिसत नाही तो नाहीच. आम्ही लिहू: ‘गालाशी हात नेलेली, दूर पाहणारी बाई, कपाळावर आठ्या. दोन मुलं तिच्या खांद्यांशी, तोंड फिरवून. मांडीवर तान्हं बाळ.’ ‘चिंताग्रस्त’ मुद्दाम गाळलं, आठ्या पुरेत. आणि ओळीतल्या सातांपैकी फोटोत तीनच मुलं आहेत, हेही आता ऐकणाऱ्याला कळतं.