महावीराचार्यांचं शेवटचं पद

१/२ + १/६ + १/१२ + १/२० ही बेरीज फळ्यावर मांडली, की अनगोळमधली आमची मुलं पहिल्यांदा लसावि काढायला घेतात. लसावि येतो ६०. मग ३०, १०, ५ आणि ३ मिळून ४८, आणि ४८/६० म्हणजे ४/५. उत्तर बरोबर आहे, रीतही बरोबर आहे. पण याच चालीनं पुढे १/३०, १/४२ अशी पदं वाढवत ९९ पदांपर्यंत नेली, तर लसावि ४१ अंकी येतो. तो हातानं काढायला कोणी बसणार नाही. आणि एवढं करून हाती लागणारं उत्तर असतं ९९/१००.

एवढ्या अवाढव्य छेदातून इतकं साधं उत्तर निघतं याचं कारण छेदांच्या घडणीत आहे. २ म्हणजे १×२, ६ म्हणजे २×३, १२ म्हणजे ३×४, २० म्हणजे ४×५. प्रत्येक छेद दोन शेजारी संख्यांचा गुणाकार आहे. आता १/३ मधून १/४ वजा करून पाहा. छेद १२ होतो आणि अंशात उरतात ४ वजा ३, म्हणजे १. म्हणून १/१२ ही मुळात १/३ − १/४ अशी वजाबाकी आहे. शेजारी संख्यांत एकाचाच फरक असल्यामुळे अंशात नेमका १ आला. हे भाग्य दुसऱ्या कुठल्याही जोडीच्या वाट्याला येत नाही.

प्रत्येक पद असं उकललं की बेरीज अशी दिसते:

(१ − १/२) + (१/२ − १/३) + (१/३ − १/४) + (१/४ − १/५)

वजा १/२ ला पुढचा अधिक १/२ भेटतो, वजा १/३ ला अधिक १/३. मधलं सगळं कटतं, डावीकडचा १ आणि उजवीकडचा १/५ एवढेच राहतात. घडीची दुर्बीण नळीत नळी सरकून मिटावी तशी ही रांग मिटते. शाळेत आपण ते शिकतो आणि पुढे जातो. मला थांबावंसं वाटतं ते उजव्या टोकाला राहिलेल्या त्या छोट्या अपूर्णांकापाशी, कारण त्याची किंमत ज्यानं नेमकी ओळखली तो गणिती आपल्याच मुलखातला.

महावीराचार्य हे नवव्या शतकातले दिगंबर जैन गणिती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याचा काळ ८१४ ते ८७८, आणि इ. स. ८५० च्या सुमारास रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथाच्या आरंभी महावीराचार्य याच राजाचा गौरव करतात. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. बेळगाव-निपाणीचा आपला पट्टाही तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. या भागात जैन वस्ती किती जुनी आणि किती दाट, हे बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती पाहिलेल्यांना सांगायला नको. ग्रंथ संस्कृतात आहे. एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह १९१२ साली मद्रासहून काढला, आणि लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेली हिंदी आवृत्ती १९६३ साली आपल्या सोलापूरहून निघाली.

त्यातल्या कलासवर्ण, म्हणजे अपूर्णांकांच्या प्रकरणात ७७ वा श्लोक आहे. त्यात सोडवलेला प्रश्न असा: ज्यांचा अंश १ आहे असे विषम संख्येइतके अपूर्णांक शोधा, ज्यांची बेरीज बरोबर १ होते. आचार्यांची रीत थोडक्यात अशी: २ पासून सुरू करा, प्रत्येक संख्येला तिच्या पुढच्या संख्येनं गुणा, शेवटची संख्या मात्र एकटीच राहू द्या, आणि सगळ्यांची निम्मी घ्या. हे झाले छेद.

पाच अपूर्णांक हवे असतील तर २ ते ६ या संख्या घ्यायच्या. २×३ चे निम्मे ३, ३×४ चे निम्मे ६, ४×५ चे निम्मे १०, ५×६ चे निम्मे १५, आणि एकट्या ६ चे निम्मे ३. म्हणून

१/३ + १/६ + १/१० + १/१५ + १/३ = १

तीसचा छेद घेऊन ताळा करा: १० + ५ + ३ + २ + १० = ३०. नेमका एक. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

श्लोकात फक्त रीत आहे, उपपत्ती नाही. ती आपण भरून काढली की एकेका शब्दाचं काम दिसू लागतं. आधी ‘निम्मे’ घ्या. रांग २ पासून सुरू झाल्यामुळे डाव्या टोकाला १ ऐवजी १/२ उरतो. बेरीज १ हवी असेल तर सगळं दुप्पट करायला हवं, आणि अंश तर १ च ठेवायचा आहे. तेव्हा दुप्पट करण्याचा एकच मार्ग राहतो, छेद निम्मा करणं. दोन शेजारी संख्यांपैकी एक सम असतेच, म्हणून गुणाकाराचे निम्मे नेहमी पूर्ण संख्याच येतात. छेद कुठेही अडत नाही.

मग ‘विषम संख्येइतके’ कशासाठी? हा मला या श्लोकाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. गुणाकारांना निम्मं करणं निर्धास्त आहे, पण एकट्या राहिलेल्या शेवटच्या संख्येला ती शाश्वती नाही. ती सम असेल तरच तिचे निम्मे पूर्ण येतात. दोन अपूर्णांक मागितले तर २ आणि ३ एवढ्याच संख्या हाती येतात. पहिला १/३ ठीक, पण एकट्या ३ चे निम्मे दीड, आणि १ भागिले दीड म्हणजे २/३. बेरीज १ होते, पण अंश २ झाला, अट मोडली. २ पासून सुरू केलेल्या रांगेत शेवटची संख्या सम असली की पदांची संख्या आपोआप विषम होते. एका विशेषणात आचार्यांनी ही सगळी अडचण आधीच टाळली आहे. रीत देणारे पुष्कळ असतात. तिची हद्द इतक्या कमी शब्दांत आखणाऱ्याची नजर फार तीक्ष्ण असावी लागते.

आणि शेवटी ते एकटं पद. मधली पदं कटली की उजव्या टोकाला काहीतरी उणे राहतंच. आचार्य तेवढंच मोजून शेवटी परत घालतात. वरच्या उदाहरणात पहिली चार पदं मिळून २/३ होतात, राहिलेला १/३ पाचवं पद म्हणून येतो. रांग तीन पदांची असो की ९९ पदांची, हिशेब दर वेळी पुरा.

लगेच पुढे ७८ व्या श्लोकात हीच कल्पना आणखी मोकळी होते. आता अंश १ च असण्याची गरज नाही. कोणतेही अंश सांगा, बेरीज १ भागिले हवी ती संख्या करून देतो, असं आचार्य म्हणतात. समजा अंश १, २, ३, ४ हवेत आणि बेरीज १. १ पासून निघा आणि दर खेपेला सांगितलेला अंश मिळवत जा: १, मग १+१=२, मग २+२=४, मग ४+३=७. छेद १×२, २×४, ४×७, आणि शेवटच्या अंशासाठी ७ ला त्याच अंशानं, म्हणजे ४ नं गुणायचं:

१/२ + २/८ + ३/२८ + ४/२८ = १

अठ्ठावीसच्या छेदानं १४ + ७ + ३ + ४ = २८. इथे आतला सांगाडा उघडा दिसतो. ३/२८ म्हणजे १/४ − १/७, कारण ४ आणि ७ मधलं अंतर ३ आहे. अंश हा छेदातल्या दोन संख्यांमधल्या अंतराइतका हवा, आणि एक जोडी जिथे संपते तिथूनच पुढची सुरू व्हायला हवी. शेजारी संख्यांची गोष्ट ही यातली सर्वांत आखूड पावलांची चाल आहे, इतकंच.

या दोन अटींपैकी एक सुटली की मुलं कुठे घसरतात ते रोज दिसतं. १/(१×३) + १/(२×४) + १/(३×५) + १/(४×६) घ्या. इथे अंतर २ आणि अंश १, म्हणून प्रत्येक पद वजाबाकीच्या निम्मं आहे. शिवाय ३ वर संपलेल्या जोडीनंतर पुढची ३ पासून नाही, २ पासून सुरू होते. त्यामुळे कटाकटी एक घर सोडून होते आणि डावीकडे दोन, उजवीकडे दोन अशी चार पदं उरतात: (१ + १/२ − १/५ − १/६) चे निम्मे, म्हणजे १७/३०. सवयीनं दोन्हीकडे एकेकच ठेवलं तर ५/१२ असं चुकीचं उत्तर येतं. उपाय सोपा आहे, पहिली तीन-चार पदं उकलून एकाखाली एक लिहावीत आणि कोण कोणाला भेटतं ते डोळ्यांनी पाहावं.

रांग न संपणारी असेल तर टोकाकडे आणखी जपून पाहावं लागतं. १/२ हे २ − ३/२ असंही लिहिता येतं, १/६ हे ३/२ − ४/३ असंही, १/१२ हे ४/३ − ५/४ असंही. या मांडणीतही मधलं सगळं कटतं. ‘पुढे सगळं कटतच जातं, पहिलं तेवढं उरलं’ असं म्हटलं तर बेरीज २ येते. पण बेरीज तर १ आहे! फसगत उजव्या टोकाला झाली. तिथे ३/२, ४/३, ५/४ असे जे अपूर्णांक येत जातात ते शून्याकडे जात नाहीत, १ कडे जातात; तो १ वजा करायलाच हवा.

१६७२ साली पॅरिसमध्ये हायगेन्स या गणितज्ञानं तरुण लाइबनित्सला १ + १/३ + १/६ + १/१० + १/१५ + … या न संपणाऱ्या मालिकेची बेरीज विचारली. लाइबनित्सनं पदांच्या वजाबाक्या करून उत्तर काढलं, २. त्याआधी १६५० मध्ये इटलीच्या मेंगोलीच्या पुस्तकात याच जातीच्या बेरजा आल्या होत्या. या मालिकेतला पहिला १ बाजूला काढा: १/३, १/६, १/१०, १/१५. हेच ते महावीराचार्यांचे छेद, त्याच क्रमानं, आठशे वर्षं आधीचे. लाइबनित्सच्या मालिकेला शेवट नाही, म्हणून उजवं टोक शून्यात विरून जातं आणि सोडून देता येतं. आचार्यांची रांग मात्र कुठेतरी थांबते. ९९ पदं घेतली तर पहिली ९८ मिळून ४९/५० होतात, आणि शंभर या एकट्या राहिलेल्या संख्येचे निम्मे करून नव्व्याण्णवावं पद येतं १/५०.