परतीचा टोला

मराठी पॉडकास्टमध्ये सध्या एक चाल रुळली आहे आणि तिचा मला राग येतो. दोन सूत्रधार माइकसमोर बसतात. एक जण दुसऱ्याच्या पोटाच्या घेरावर, पगारावर नाहीतर मोडलेल्या लग्नावर बोट ठेवतो, दोघं खदाखदा हसतात आणि रील तिथेच कापली जाते. ज्याला टोमणा बसला तो पुढे काय बोलला, हे कळायला मार्ग नाही. मैत्रीतली खेचाखेची म्हणून आपल्याला हे ऐकवलं जातं, पण कानावर पडतो तो फक्त अपमान.

मुलाखतींचे पॉडकास्ट या लेखात घेत नाही. सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’ किंवा सुलेखा तळवलकर यांचं ‘दिल के करीब’ हा वेगळाच प्रकार आहे. ‘अमुक तमुक’मध्ये ओंकार जाधव आणि शार्दूल कदम अशी जोडी आहे खरी, पण समोर पाहुणा तज्ज्ञ असला की दोघांमधली चकमक तोंडी लावण्यापुरतीच उरते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत चिमटे लिहून आणि तालीम करून येतात, तेव्हा तेही बाजूला ठेवू.

ज्या परंपरेकडे पाहायला हवं ती आकाशवाणीची आहे. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी बोलायचे. श्रोत्यांसाठी ते पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी होते. भावजींनी वहिनींची थट्टा करायची आणि वहिनींनी ती सव्याज परत करायची, हे घराघरात माहीत होतं, कारण दीर-वहिनीच्या थट्टेला आपल्याकडे आधीपासून मुभा आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांवर लिहिताना नेमकं हेच सांगितलं होतं. काही नात्यांत एकाला दुसऱ्याची चेष्टा करायची परवानगी असते, प्रसंगी ती करावीच लागते, आणि दुसऱ्याने राग मानायचा नसतो. त्या श्रुतिकेला विश्वास मिळवावा लागला नाही. तो श्रोत्यांच्या घरातूनच तिच्याकडे आलेला होता.

पॉडकास्टच्या जोडीकडे असं आयतं नातं नसतं. दोन मित्र, दोन सहकारी, फार तर एकाच कॉलेजचे. त्यांच्यात चेष्टेची मुभा आहे की नाही, हे श्रोत्याला ठाऊक नसतं. ती मुभा त्याच्या कानांदेखत तयार करावी लागते आणि त्याला वेळ लागतो. वरुण ठाकूर, कौतुक श्रीवास्तव, आदर मलिक आणि नेव्हिल शाह यांचं ‘द इंटरनेट सेड सो’ ऐकलं की हे उमगतं. हे चौघं विनोदवीर. एखाद्या विषयावर कुणी माहिती घेऊन बसतो आणि बाकीचे त्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. पण ऐकता ऐकता समजतं की आज ज्याची खिल्ली उडते आहे तोच उद्या उडवणार आहे, आणि ज्याला छेडलं त्याला उत्तराचा अवकाश मिळतोच. श्रोता निर्धास्तपणे हसतो तो या हमीमुळे. १९५६ साली हॉर्टन आणि वोल यांनी दूरचित्रवाणीच्या संदर्भात दाखवून दिलं होतं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाची एकतर्फी जवळीक तयार होते. पॉडकास्टमध्ये त्या जवळिकीला दोन टोकं असतात. श्रोत्याचे दोघेही मित्र असतात, म्हणून एकाने दुसऱ्याला दुखावलं तर श्रोत्यालाही लागतं.

ही हमी ऐकू कशी येते, त्यासाठी एक संवाद कल्पून पाहू. नागपुरातले दोघं मित्र पुस्तकांवरच्या पॉडकास्टसाठी बसलेत. पहिला म्हणतो, “हा मागच्या वेळी सांगून गेला होता का पुस्तक वाचूनच येतो. प्रस्तावना वाचून आला.” यानंतर क्षणभर शांतता. मग दुसऱ्याचं अडवलेलं हसू, आणि त्यावर, “तू तर प्रस्तावना बी नाही वाचली बे. मागचं कव्हर वाचून बसला आहे इथं.” आता पहिला आधी हसतो. शेवटी दुसराच म्हणतो, “बरं, दुसऱ्या प्रकरणापर्यंत पोहोचलो होतो मी, तिथून बोलू.”

इथे चार गोष्टी घडल्या. टोमणा पुस्तक न वाचण्याचा होता आणि ती उणीव दोघांमध्ये सारखी होती. मधल्या शांततेत श्रोत्याने, हा चिडला तर नाही ना, हे चाचपलं. अडवलेल्या हसण्याने त्याला उत्तर मिळालं. परतीचा टोला पहिल्याहून थोडा जड होता, म्हणजे हिशेब फिटला. आणि मग दोघंही विषयाकडे वळले. हे सगळं मिळून पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे.

आता हाच तुकडा संकलकाच्या हाती जातो. तो रिकाम्या जागा आपोआप छाटणारं सॉफ्टवेअर लावतो आणि पहिल्यांदा ती शांतता जाते. मग रील आटोपशीर करायची म्हणून परतीचा टोला जातो. उरतो एक माणूस, जो दुसऱ्याला न वाचणारा म्हणतो. दोघं वेगवेगळ्या शहरांतून कॉलवर बोलत असतील तर याहून वाईट गत होते. संभाषणात माणसं एकमेकांना सरासरी ०.२ सेकंदात उत्तर देतात, असं दहा भाषांच्या २००९ सालच्या तौलनिक अभ्यासात दिसलं. कॉलमध्ये आवाज पोहोचायलाच जवळपास तेवढा उशीर लागला, तर हसू टोमण्याच्या पाठोपाठ येत नाही, पुढच्या वाक्यावर आदळतं. श्रोत्याला टोमणा बसलेला माणूस ओढूनताणून हसल्यासारखा वाटतो. प्रत्येकाचा आवाज आपापल्या जागी वेगळा मुद्रित करून मग जुळवला तर आवाज स्वच्छ होतो, पण बोलताना गेलेला तो क्षण परत मिळत नाही. खेचाखेची करायची असेल तर एका खोलीत बसावं लागतं, याला माझ्या मते पर्याय नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटंट’ या कार्यक्रमातल्या एका प्रश्नावरून वादळ उठलं, रणवीर अलाहबादिया याच्यावर गुन्हे नोंदले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चर्चा सगळी अश्लीलतेभोवती फिरली. माझ्या दृष्टीने दोष आणखी एका ठिकाणी होता. पाहुणा परीक्षक म्हणून बसलेल्या रणवीरने तो प्रश्न एका स्पर्धकाला विचारला. त्या दोघांमध्ये थट्टेची मुभा देणारं कोणतंही नातं नव्हतं. समोरचा व्यासपीठावर एकटा, आणि हसणारे सगळे दुसऱ्या बाजूला. तोच प्रश्न सभ्य शब्दांत विचारला असता तरी ती खिल्ली एकतर्फीच राहिली असती. रोस्टच्या नावाखाली आपले काही मराठी सूत्रधारही आता पाहुण्यांवर हाच प्रयोग करू लागलेत. पाहुणा तासाभरासाठी येतो, सूत्रधाराची नस त्याला ठाऊक नसते, मग परतीचा टोला तो आणणार कुठून? अशा वेळी तो कसनुसं हसतो आणि मथळा छापला जातो की पाहुण्याने ‘स्पोर्टिंगली’ घेतलं. त्याने तसं घेतलं नाही. त्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

“पण रीलशिवाय ऐकणार कोण?” असं निर्माते विचारतात. अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय संकलनाच्या टेबलावरच आहे. टोमणा ज्या रीलमध्ये असेल त्याच रीलमध्ये त्याचं उत्तरही असलं पाहिजे, मधल्या शांततेसकट. तीस सेकंदांत ते बसत नसेल तर रील पंचेचाळीस सेकंदांची करा. पंचेचाळीसमध्येही बसत नसेल तर तो तुकडा भागातच राहू द्या. आणि मूळ ध्वनिमुद्रणातच उत्तर नसेल, तर तो टोमणा भागातूनही काढून टाका.